गुंतवणूक आली, गाडी कधी येणार?

नव्या कंपनीत गुंतवणूक आली की फोटो ठरलेला: हस्तांदोलन, मागे लोगो, खाली कोटींचा आकडा. गाडी बुक करणाऱ्याला त्यातून काय कळतं? जवळपास काहीच नाही.

टॉर्क मोटर्सचंच पाहा. या कंपनीने इलेक्ट्रिक मोटरसायकल २०१६मध्ये दाखवली. २०१८मध्ये भारत फोर्जने पैसे घातले. तीच गाडी सुधारून ‘क्रॅटोस’ नावाने बाजारात यायला जानेवारी २०२२ उजाडला. मध्ये कोरोनाही होता, पण एरवीही गाडी पैशाच्या वेगाने धावत नाही.

नमुन्याची गाडी हाताने जुळवता येते. हजारो गाड्यांसाठी मात्र प्रत्येक प्लास्टिक भागाचा पोलादी साचा लागतो. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये तो कोरला जातो, मग ट्रायल होते. भाग थंड होताना आकसतो, कडा वाकते, भोक सरकतं. साचा पुन्हा घासायला जातो. यात महिने सरतात. बॅटरीच्या चाचण्या आणि एआरएआयसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र वेगळंच.

आणखी एक मेख आहे. जुन्या भागधारकाने आपले शेअर विकले, तर रक्कम त्याच्या खिशात जाते. कारखान्यात छदामही येत नाही. नवे शेअर काढले तरच पैसा कंपनीत येतो, तोही अनेकदा हप्त्याहप्त्याने.

म्हणून ग्राहकासाठीची ओळ अशी हवी: ‘या पैशातून चिंचवडला सर्व्हिस सेंटर मार्चमध्ये सुरू होईल, ब्रेक लिव्हर आणि कंट्रोलर तिथेच मिळतील. आधीच्या बुकिंगचा भाव तोच राहील.’ गुंतवणूकदाराचं नाव शेवटी आलं तरी चालेल.