कॅसेटमधला हम आणि तार सप्तकातला सा

जुन्या कॅसेटवरचं भजन संगणकावर उतरवून घेतलं की गाणं सुरू होण्याआधीच एक जाडसर ‘घूं’ ऐकू येतो. रेकॉर्डिंगवाले त्याला ‘हम’ म्हणतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा आवर्तन घेते. हे आवर्तन चार्जरमधून, ट्रान्सफॉर्मरमधून किंवा सदोष अर्थिंगमधून आवाजाच्या तारेत शिरलं की 50 हर्ट्झचा एक अखंड स्वर ध्वनिफितीवर बसतो. तो एकटा मात्र क्वचितच येतो. त्याच्या पटीतले 100, 150, 200, 250 हर्ट्झचे स्वरही सोबत येतात. त्यांना हार्मोनिक म्हणायचं. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यामुळे 150, 250, 350 असे विषम पटीतले स्वर वाढतात, तर विजेचा प्रवाह एकदिश करणाऱ्या भागातून 100 आणि 200 जास्त येतात.

हम काढायला बसलेला माणूस बहुतेक वेळा फक्त 50 हर्ट्झ कापतो आणि काहीच फरक पडला नाही म्हणून चकित होतो. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून 50 हर्ट्झ मुळात ऐकूच येत नाही. आपल्याला त्रास होतो तो 150 पासून चार-पाचशेपर्यंतच्या हार्मोनिकचा. शिवाय मूळ स्वर काढून टाकला, तरी त्याच्या पटीतल्या स्वरांवरून मेंदू तोच खोल स्वर पुन्हा उभा करतो. म्हणून हे काम चांगला हेडफोन लावूनच करावं, आणि कानावर विसंबण्याआधी आलेख पाहावा.

एक उदाहरण घेऊ. जड, खालच्या पट्टीतल्या आवाजाच्या एका आजींनी घरच्या एकादशीच्या भजनात गायलेला अभंग आहे. साथीला पेटी आणि मृदंग, आणि 1980 च्या दशकातला विजेवर लावलेला टेपरेकॉर्डर. ही कॅसेट आज डेकवर वाजवून लॅपटॉपमध्ये घेतली आहे. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची, गाण्याआधीचा दोन-तीन सेकंदांचा मोकळा तुकडा निवडायचा आणि `Analyze` मधलं `Plot Spectrum` उघडायचं. तिथे `Size` या खान्यात सहसा 2048 असतं. सेकंदाला 44,100 नमुने असलेल्या फाइलवर हा आकडा ठेवला, तर आलेखाची एकेक पायरी साडेएकवीस हर्ट्झची होते. इतक्या जाड पायरीवर हम नेमका 50 ला आहे की 51 ला, हे कळणार नाही. 65536 निवडलं की पायरी एका हर्ट्झहूनही लहान होते आणि शिखरं सुटी दिसू लागतात.

या फाइलमध्ये शिखरांच्या दोन रांगा दिसतात. एक 50, 100, 150 अशी, तर दुसरी 51.2, 102.4, 153.6 अशी. याचा अर्थ हम दोन आहेत. पहिला आत्ताचा, डेक आणि लॅपटॉप यांच्या जोडणीतून आलेला. दुसरा त्या भजनाच्या दिवशीचा, टेपवरच छापला गेलेला. ताळा करायला सोपं आहे. कॅसेट थांबवायची, डेक मात्र चालू ठेवायचा आणि पाच-दहा सेकंद रेकॉर्ड करायची. टेप फिरत नसतानाही जो हम येतो, तो आजचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा उतरवून घेतलं की हा हम पुष्कळदा समूळ जातो. तसं असेल तर फिल्टर लावत बसण्यापेक्षा कॅसेट परत वाजवण्यातच शहाणपण आहे. ती उरली नसेल तर 50 ची रांग आधी, वेगाला हात लावण्यापूर्वी, फिल्टरने काढून घ्यावी.

आता 51.2 चं कोडं. मूळ टेपरेकॉर्डर थोडा सावकाश चालत असेल, तर आज योग्य वेगाने वाजवताना सगळंच चढं ऐकू येतं, आणि हमही त्याबरोबर वर सरकतो. 50 चा 51.2 झाला म्हणजे वेग 2.4 टक्क्यांनी जास्त आहे. या फाइलमध्ये पेटीचा सा 178.8 हर्ट्झला आहे. पांढरी चारचा सा 174.6 ला असतो आणि त्यात 2.4 टक्के मिळवले की हाच आकडा येतो. हम आणि पेटी दोघं एकच सांगत आहेत. `Change Speed and Pitch` मध्ये वेग 2.344 टक्क्यांनी कमी केला की हम 50 वर येतो आणि आजींची पट्टीही जागेवर येते.

हमला असं घड्याळ मानताना पेटीची साक्ष लागतेच. आज देशातली वीजवारंवारता 50 च्या अगदी आसपास ठेवली जाते, पण 2002-03 पर्यंत, म्हणजे वीजखरेदीचे दर वारंवारतेशी जोडले जाईपर्यंत, ती खूप हलत असे आणि मागणी वाढली की 49 च्याही खाली जाई. त्या काळच्या टेपवर हम 48.8 ला सापडला आणि पेटी मात्र आपल्या पट्टीत असली, तर वेग बरोबर आहे. त्या दिवशी वीजच मंद होती.

आता नॉच फिल्टर. नॉच म्हणजे खाच: एका नेमक्या वारंवारतेला आवाज पूर्ण खाली जातो आणि तिच्या दोन्ही बाजूंना लगेच जागेवर येतो. ऑडॅसिटीच्या `Notch Filter` मध्ये दोनच आकडे भरायचे असतात, वारंवारता आणि `Q`. वारंवारतेच्या जागी 60 लिहिलेलं येतं, कारण अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची आहे. आपल्याकडे ते बदलावंच लागतं. `Q` जितका मोठा, तितकी खाच अरुंद. वारंवारतेला `Q` ने भागलं की खाचेची रुंदी मिळते. 50 हर्ट्झला `Q` 30 ठेवला तर रुंदी 1.7 हर्ट्झ होते. हीच खाच वेग न सुधारलेल्या फाइलवर 50 ला लावली, तर 51.2 चा हम जवळजवळ तसाच राहतो. मग माणूस वैतागून `Q` कमी करतो, खाच रुंद होते, हम जातो आणि आवाजाचा गरही त्याबरोबर जातो.

प्रत्येक हार्मोनिकला तोच `Q` ठेवणं ही आणखी एक चूक. 50 ला 1.7 हर्ट्झ रुंद असलेली खाच त्याच `Q` ने 350 ला जवळपास 12 हर्ट्झ रुंद होते. मी रुंदी सगळीकडे 2 हर्ट्झ धरते, म्हणजे `Q` साठी वारंवारतेचा निम्मा आकडा: 50 ला 25, 150 ला 75, 350 ला 175. कॅसेटचा वेग किंचित डुलत असतो, त्यामुळे याहून फार अरुंद खाच कामाची नाही. खाचा आलेखात जी शिखरं दिसतात तेवढ्यांनाच द्यायच्या. या फाइलमध्ये ती 50, 100, 150, 250, 350 आणि 450 ही सहा होती. त्यापुढचं सगळं टेपच्या सूंऽऽ अशा आवाजात बुडालेलं होतं. जे ऐकूच येत नाही ते कापायला जाणं म्हणजे गाण्यालाच हात घालणं.

खरी अडचण 350 ला येते. पांढरी चारचा तार सप्तकातला सा 349.2 हर्ट्झला येतो, हमच्या सातव्या पटीपासून एक हर्ट्झही दूर नाही. मध्य सप्तकातला सा 174.6 चा असला, तरी त्याच्या दुप्पट पटीतला अंश त्याच जागी पडतो. म्हणजे आजी सावर आल्या की प्रत्येक वेळी, आणि पेटीने सा धरून ठेवला की सतत, त्यांचा स्वर हमच्या अंगाला अंग लावून उभा असतो. मूळ फाइलमध्ये हे ऐकूही येतं: पेटीचा लांब सा साधारण सव्वा सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. तिथे `Q` 30 ची खाच लावली, तर तार सा तब्बल 17 डेसिबलने खाली जातो. गाताना आवाज थोडा हलतो, त्यामुळे सा कधी भरीव तर कधी पोकळ लागतो. 2 हर्ट्झच्या खाचेने ही घट 4 डेसिबलवर येते, पण पेटीच्या स्थिर स्वराला तीही जाणवते.

यावर उपाय असा. ट्रॅकची एक प्रत करायची. दोन्ही ट्रॅकना बाकीच्या पाच खाचा द्यायच्या आणि 350 ची सहावी फक्त प्रतीला. मग ओळी-ओळींमधल्या मोकळ्या जागी प्रत ऐकू यावी आणि गाणं चालू असताना पहिला ट्रॅक, अशी दोघांची पातळी हळुवारपणे एकातून दुसऱ्यात सरकवायची. गाण्याच्या वेळी 350 चा हम तसाच राहतो, पण तो साच्या आड झाकला जातो. खटकतो तो शांततेत, आणि तिथे तो काढलेला असतो. निवडलेल्या तुकड्यावर थेट फिल्टर लावला तर कडेला टिचकी ऐकू येते. म्हणून पूर्ण प्रत गाळून घेणं बरं.

आपण काय काढलं ते ऐकणं हा सर्वांत खात्रीचा ताळा. ॲडॉबी ऑडिशनच्या `DeHummer` मध्ये त्यासाठी `Output Hum Only` ही खूण आहे. ऑडॅसिटीत गाळलेली फाइल `Invert` ने उलटी करून मूळ फाइलमध्ये मिसळली की काढलेला भाग तेवढा हाती येतो. त्यात नुसता घूं असेल तर ठीक. शब्द किंवा पेटीचे स्वर ओळखू येत असतील तर खाच रुंद आहे. मृदंगाच्या प्रत्येक थापेमागे एक स्वर लोंबकळत राहिला तर ती अति अरुंद आहे, कारण अरुंद फिल्टर ठोका बसला की स्वतःच घुमतो. 2 हर्ट्झच्या खाचेत ही घुमी अर्ध्या सेकंदात बरीच विरते. अर्ध्या हर्ट्झची केली की ती चौपट वेळ रेंगाळते आणि 100 हर्ट्झच्या आसपास थाप पडणाऱ्या डाव्या बाजूला सर्वांत आधी लक्षात येते.

पंख्याच्या रेग्युलेटरमधून किंवा दिव्याच्या डिमरमधून येणारी करकर मात्र वेगळी. तिचे हार्मोनिक दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत दाट पसरलेले असतात. तिथे खाचा देत गेलं तर पन्नासच्या आसपास खाचा होतात आणि स्वर आतून चाळणीसारखा होतो. खालच्या पाच-सहा खाचा देऊन उरलेली करकर `Noise Reduction` ने हलकेच, सहा डेसिबलच्या आसपास उतरवावी आणि तिथे थांबावं.

कॅसेटवरून उतरवलेली मूळ WAV फाइल न गाळता, वेग न बदलता वेगळी जपून ठेवावी. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेग किती बदलला, कुठे कुठे कोणत्या `Q` ची खाच दिली आणि पेटीचा सा मुळात किती हर्ट्झला सापडला, एवढं लिहून ठेवावं. त्या घरातलं कुणी उद्या सांगितलं की आजींची पट्टी पांढरी चार नव्हे, काळी तीन होती, तर वेगाचं गणित पुन्हा मांडावं लागेल.