नळयोजना 'पूर्ण' झाली म्हणता? हस्तांतरणाच्या कागदावर सही करण्याआधी ही चार पानं नीट वाचा

गावात पाण्याची टाकी उभी राहिली, गल्लीगल्लीत पाइप गेला, दोन दिवस नळाला पाणीही आलं. मग एक दिवस ठेकेदाराचा माणूस आणि शाखा अभियंता फाइल घेऊन ग्रामपंचायतीत येतात. "सरपंच, सही करा, राहिलेलं आठ दिवसांत करून देतो." ही सही म्हणजे योजना पूर्ण झाल्याची आणि गावाने ती ताब्यात घेतल्याची. त्या दिवसापासून मोटारीचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, टीसीएल पावडर, सगळं ग्रामपंचायतीकडे येतं. म्हणून या अहवालात काय असतं ते समजून घेऊ.

समजा, एका गावाची जलजीवन मिशनची योजना 80 लाखांची आहे. वितरणाची पाइपलाइन 3,200 मीटर, नळजोडण्या 210, आणि एक उंच टाकी.

पहिला भाग : काय मिळालं

इथे अंदाजपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा शेजारी शेजारी असावा लागतो. मोजलेला आकडा मोजमाप पुस्तिकेतून येतो, जिला सगळे एमबी म्हणतात. आपल्या उदाहरणात पाइप भरला 2,950 मीटर आणि जोडण्या झाल्या 203.

नुसतं 'टाकी पूर्ण' लिहून भागत नाही, चाचणी झाली का ते बघा. उंच टाकी पूर्ण भरून 7 दिवस ठेवायची, काँक्रीटला पाणी शोषू द्यायचं. पुढचे 7 दिवस बाहेरून बघायची. भिंत कोरडी राहिली तर पास. ओल किंवा पांढरे ओघळ दिसले तर पाणी झिरपतंय.

नळाची परीक्षा टाकीजवळच्या घरात नको, पाइपलाइनच्या शेवटच्या घरात घ्या. योजनेत माणशी रोज 55 लिटर धरलेले असतात. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या 18 बादल्या आणि वर थोडं. पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत तेवढ्या भरल्या का, ते मोजा.

दुसरा भाग : शेवटी खर्च किती

पाइप 250 मीटर कमी भरला. मीटरला 400 रुपये दर धरला तर 1 लाख रुपये कमी व्हायला हवेत. दोन व्हॉल्व्ह जादा बसवले, त्याचे 30 हजार वाढले, पण त्या जादा कामाला वरिष्ठांची लेखी मंजुरी असली तरच. म्हणजे अंतिम खर्च 79 लाख 30 हजार. अहवालात नेमके 80 लाखच दिसत असतील, तर फरक कुठे गेला ते विचारा आणि एमबीची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

तिसरा भाग : काय राहिलं

घोळ होतो तो इथेच. पाइपासाठी खोदलेला 400 मीटर सिमेंट रस्ता बुजवलेला नाही, वस्तीवरच्या 7 जोडण्या बाकी आहेत, पाइप कुठून गेला त्याचा नकाशा दिलेला नाही. यातलं प्रत्येक काम वेगळ्या ओळीत, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि त्याची किंमत किती, असं लिहून घ्या. 'किरकोळ कामे बाकी' एवढंच लिहिलं तर उद्या काहीच सिद्ध करता येत नाही.

या बाकी कामांची किंमत 2 लाख धरली, तर आज 77 लाख 30 हजारांपर्यंतच देयक निघायला हवं. बिल पूर्ण निघाल्यावर फोन उचलला जात नाही, हे गावांना सांगायला नको. नकाशाही हलका धरू नका. तो नसेल तर दोन वर्षांनी गळती शोधायला अख्खी गल्ली खणावी लागते.

चौथा भाग : सह्या

ठेकेदार, अभियंता आणि ग्रामपंचायत, तिघांच्या सह्या तारखेसह हव्यात. सहीच्या आधी अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावात बाकी कामांची यादी जशीच्या तशी घ्या. दोष दुरुस्तीची मुदत कोणत्या तारखेला सुरू होते आणि कधी संपते, तेही लिहा. या मुदतीत पाइप फुटला किंवा टाकी गळली, तर ते ठेकेदाराने स्वखर्चाने करायचं असतं आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव अडवून ठेवलेली असते. मात्र मुदत संपायच्या आत लेखी तक्रार गेली पाहिजे. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत.

काम बाकी असेल तर सही नाकारायलाच हवी असं नाही. 'यादीतील बाकी कामांच्या अटीवर ताबा घेतला' असं लिहून सही करता येते. त्या एका ओळीने पाणीही सुरू होतं आणि हक्कही शिल्लक राहतो.