सर्व्हर गप्प बसला तर

समजा, एखादं ॲप डॉलरचा आजचा भाव दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतं. बहुतेक वेळा उत्तर लगेच येतं. कधी मात्र येतच नाही, किंवा 503 हा आकडा येतो, म्हणजे ‘आत्ता जमत नाही’. अशा वेळी पुन्हा विचारायला हरकत नसते, पण लगेच विचारणं वाईट. सर्व्हर बहुधा गर्दीनेच दमलेला असतो आणि नकार मिळालेले सगळे तत्काळ परतले की गर्दी आणखी वाढते. म्हणून थांबायची मर्यादा दर खेपेला दुप्पट करतात: अर्धा सेकंद, एक, दोन, चार आणि फार तर आठ.

यातही एक गोम आहे. एकाच क्षणी हजार ॲपना नकार मिळाला, तर ती अर्ध्या सेकंदाने सगळी एकदम येतात आणि पुढच्या खेपेलाही एकदमच. मधल्या वेळात सर्व्हर मोकळा! विनंत्यांच्या आलेखावर ठरावीक अंतराने सुळके दिसू लागले, तर हेच चाललंय असं समजावं. ॲमेझॉनच्या मार्क ब्रूकर यांनी 2015 मध्ये यावरचा उपाय आकडेमोडीने दाखवला: पूर्ण वेळ न थांबता शून्य ते त्या मर्यादेतला कुठलाही आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा. पायथॉनमध्ये ही एक ओळ पुरते. पहिल्या खेपेला `n` शून्य असतो.

```python
wait = random.uniform(0, min(8, 0.5 * 2**n))
```

एवढं करूनही बरेच जण एकूण वेळेची मर्यादा घालायला विसरतात. प्रत्येक प्रयत्नाला तीन सेकंद दिले आणि पाच प्रयत्न ठेवले, तर थांबण्यासकट साडेबावीस सेकंद जाऊ शकतात. तोवर माणूस ॲप बंद करून मोकळा होतो. त्यापेक्षा एकूण दहा सेकंद ठरवावेत. पहिला प्रयत्न तीन सेकंदांत फसला, 0.3 सेकंद थांबलो, दुसरा 6.3 ला फसला, 0.6 थांबलो, तिसरा 9.9 ला संपला. उरलेल्या दशांश सेकंदात चौथा करण्यात अर्थ नाही. कालचा भाव ‘कालचा’ असं लिहून दाखवावा.

पायथॉनच्या `requests` मध्ये मात्र सावध राहावं. तिथला `timeout` पूर्ण उत्तराला लागू होत नाही. उत्तराचे तुकडे येताना मध्ये किती खंड चालेल, एवढंच तो मोजतो. थेंब थेंब उत्तर देणारा सर्व्हर तीन सेकंदांची मर्यादा सहज ओलांडतो.

404 आला तर पुन्हा विचारून काही निघत नाही. 429 सोबत `Retry-After` आला तर तो सांगेल तितकं थांबावं, आणि तेवढा वेळ उरलाच नसेल तर तिथेच सोडून द्यावं. भाव विचारणं निरुपद्रवी आहे, पैसे पाठवणं तसं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं होत नाही. तिथे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि दर प्रयत्नात तोच पाठवावा. समोरचा सर्व्हर तो क्रमांक तपासत असेल, तरच पुन्हा प्रयत्न करावा.