सहा कडव्यांचं गाणं तीन मिनिटांत

दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. सुरुवातीचं मराठी भावगीत या मापात घडलं आणि ती तबकडी गेल्यावरही माप बरंच टिकलं. कवितेसारखी मोकळेपणाने लिहिलेली कथागीतं मात्र सहज पाच मिनिटांवर जातात. मग कापाकापी सुरू होते आणि अनेकदा नको तेच कापलं जातं.

एक नमुना घेऊ. याच लेखासाठी रचलेल्या या गीतात कोकणातला मुलगा गिरणीत कामाला जातो. पहिल्या कडव्यात तो एसटीत बसतो. दुसऱ्यात आईचे डोळे भरतात, अंगण सुनं वाटतं. तिसऱ्यात दरमहा मनिऑर्डर येऊ लागते. चौथ्यात तिन्हीसांजेला आई दारात वाट पाहते. पाचव्यात १९८२चा संप होतो आणि मनिऑर्डर थांबते. सहाव्यात मुलगा परत येतो, तेव्हा त्याला आईचे हात मोकळे दिसतात: पाटल्या गेलेल्या असतात. ध्रुवपद असं: ‘येशील कधी तू परतून बाळा, दारात उभी ही माय तुझी.’

केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन तीन सेकंदांचं धरलं आणि प्रत्येक ओळीला दोन आवर्तनं दिली, तर चार ओळींच्या कडव्याला २४ सेकंद लागतात, ध्रुवपदाला १२. प्रत्येक कडव्याआधी सहा सेकंदांचं संगीत आणि कडव्यानंतर ध्रुवपद, म्हणजे एका कडव्यामागे ४२ सेकंद. अशी सहा कडवी, सुरुवातीचं १२ सेकंदांचं संगीत, दोनदा म्हटलेलं पहिलं ध्रुवपद आणि शेवटी आणखी एकदा ध्रुवपद. बेरीज बरोबर पाच मिनिटं.

आता प्रत्येक कडव्यासमोर एकच वाक्य लिहायचं: इथे नवीन काय कळलं? दुसऱ्या आणि चौथ्या कडव्यासमोर एकच उत्तर येतं, आई व्याकूळ आहे. तेच तर ध्रुवपदही सांगतं! पुनरुक्ती शोधताना कवी कडव्याशी कडवं ताडून बघतो, पण ध्रुवपदाशी ताडायचं राहून जातं. खरी गर्दी बहुधा तिथेच असते. दोन्ही कडवी गेली की ८४ सेकंद वाचतात.

पण थांबायला हवं. आईच्या हातात पाटल्या आहेत, ही गोष्ट दुसऱ्या कडव्यातच, डोळे पुसतानाच्या ओळीत आली होती. ते कडवं गेलं की शेवटचे मोकळे हात कुणालाच काही सांगणार नाहीत. भावनेच्या कडव्यांत असे दुवे लपलेले असतात. कापण्याआधी ते उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात. पहिलं कडवं मुळात असं होतं:

पहाटेची एसटी फाट्यावर आली,
खांद्याला पिशवी, हातात वळकटी,
मुंबईला निघाला गिरणीत लेक,
गाव सोडून दूर निघाला लेक.

चौथी ओळ तिसरीचीच सावली आहे. तिच्या जागी ‘हात हलविता पाटल्या वाजल्या’ आलं की दुवा जागेवर बसतो. यमक सुटतं, हे खरं. ते जुळवायला कवीने वेळ द्यावा. यमकासाठी जुनी ओळ ठेवणं हा वाईट सौदा आहे.

अजून ३६ सेकंद काढायचे आहेत. सुरुवातीला ध्रुवपद एकदाच म्हटलं की १२ गेले. पहिल्या कडव्यानंतर त्याची एकच ओळ घेतली की सहा. उरलेले १८ संपाच्या कडव्यानंतर मिळतात: तिथे ध्रुवपदही नको, संगीतही नको, थेट मुलाचं परतणं. मनिऑर्डर थांबल्यावर ‘येशील कधी’ पुन्हा म्हटलं, तर गोष्ट नेमकी वेग घेताना अडते. आता गाणं १८० सेकंदांवर आलं.

मनिऑर्डरचं कडवं कापण्याचा मोह होईल, कारण त्यात दुःख नाही. ते काढलं तर संपात काय थांबलं हे कळत नाही आणि पाटल्या का गेल्या याचं कारणच हरवतं. उलट, आईने त्या विकल्या हे सांगणारी ओळ लागत नाही. थांबलेले पैसे आणि मोकळे हात शेजारी आले की ऐकणारा ते स्वतः जोडतो. मनिऑर्डरनंतर ध्रुवपद पूर्ण ठेवायचं तेही याचसाठी: पैसे येताहेत, मुलगा नाही, म्हणून त्याच ओळींना नवा अर्थ येतो. शब्द पुन्हा आले म्हणून प्रत्येक आवर्तन काढायचं नसतं.

कापलेलं गीत शेवटी अशा माणसाला ऐकवावं, ज्याने पाच मिनिटांचं रूप ऐकलेलंच नाही, आणि त्यालाच गोष्ट सांगायला लावावी. कवीला सगळं आधीच ठाऊक असतं. त्यामुळे गाळलेला दुवा त्याला दिसत नाही. ऐकणाऱ्याने ‘तिचे हात मोकळे का होते?’ असं विचारलं, तर गाणं आणखी लांबवू नका, पहिल्या कडव्यातली पाटल्यांची ओळ अधिक ठळक करा.