बॅटरी भरली का, हे करंट सांगतो

छोट्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी घेऊन इलेक्ट्रिकलचे विद्यार्थी चार्जर बनवतात. व्होल्टेज १४.४ झालं की रिलेने चार्जिंग तोडायचं, अशी त्यात अनेकदा रचना असते. पण चार्जिंग तुटताच व्होल्टेज १३ च्या आसपास उतरतं, रिले पुन्हा लागतो, लगेच पुन्हा सुटतो आणि टकटक सुरू होते. चूक रिलेची नसते. बॅटरी भरली की नाही, हे इथे चुकीच्या मोजमापावरून ठरवलेलं असतं.

चार्जिंग होताना प्लेटवरचं लेड सल्फेट विरघळतं आणि प्लेटच्या बारीक छिद्रांत ॲसिड तयार होतं. ते बाहेर पसरायला वेळ लागतो. तोवर टर्मिनलवर दिसणारं व्होल्टेज बॅटरीच्या खऱ्या स्थितीपेक्षा जास्त असतं. म्हणून १४.४ दिसतं तेव्हा बॅटरी साधारण ८० टक्केच भरलेली असते. रोज तिथेच थांबलं तर उरलेल्या सल्फेटचे खडे कडक होत जातात आणि क्षमता घटते. उलट तोच करंट पुढे ढकलत राहिलं तर पाण्याचं विघटन होऊन वायू सुटतात, आणि सीलबंद बॅटरीत पाणी घालायची सोय नसते.

यावर उपाय म्हणजे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात करंट ०.७ अँपिअरवर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागावर, बांधून ठेवायचा आणि व्होल्टेज वाढू द्यायचं. १४.४ आलं की व्होल्टेज तिथेच रोखायचं. मग करंट आपोआप कमी होत जातो. तो ७० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या शंभराव्या भागावर आला की बॅटरी भरली समजायचं. दुसऱ्या टप्प्यात व्होल्टेज आपणच स्थिर धरलेलं असतं. त्यामुळे बॅटरीच्या आत काय चाललंय हे फक्त करंटवरून कळतं.

हे दोन एलएम ३१७ आयसींनी करता येतं. पहिल्या आयसीच्या आउटपुट आणि ॲडजस्ट पायांमध्ये १.८ ओहमचा रेझिस्टर लावून करंट त्या ॲडजस्टच्या टोकाकडून पुढे घ्यायचा. आयसी या दोन पायांत १.२५ व्होल्ट राखतो, म्हणून करंट ०.७ अँपिअरवर अडतो. दुसरा आयसी त्याच्यामागे जोडून पोटेन्शिओमीटरने १४.४ व्होल्टवर लावायचा. दोन्ही आयसींना मिळून पाचेक व्होल्ट लागतात, म्हणून ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा घ्यावा. रिकाम्या बॅटरीला चार्ज करताना आयसींत मिळून आठेक वॅट उष्णता होते. हीटसिंक नसेल तर आयसी स्वतःला वाचवायला करंट कमी करतो, आणि बॅटरी भरल्याचा भास होतो.

आता कटऑफ. बॅटरीचा निगेटिव्ह आणि दुसऱ्या आयसीच्या पोटेन्शिओमीटरचं खालचं टोक एकत्र जोडायचं. तिथून फिल्टर कपॅसिटरच्या निगेटिव्हपर्यंत १ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर लावायचा. त्यावर ७० मिलिअँपिअरला ७० मिलिव्होल्ट मिळतात. ०.१ ओहमचा रेझिस्टर घेतला तर सातच मिळतील, आणि एलएम ३५८ सारख्या आयसीची स्वतःची चूकच तेवढी असू शकते. कंपॅरेटर ७० मिलिव्होल्टच्या वर असेपर्यंत रिले धरून ठेवतो, खाली येताच सोडतो. रिलेचा कॉन्टॅक्ट बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये असतो, त्यामुळे तो सुटला की करंट शून्य होतो आणि रिले पुन्हा लागत नाही. सुरुवात करायला कॉन्टॅक्टच्या दोन टोकांवर पुशबटण लावावं. मात्र वीज जाऊन आली तर ते पुन्हा दाबावं लागतं.

१४.४ हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. दर अंशामागे सहा सेलना मिळून साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. म्हणजे ४० अंशांना १४ व्होल्टच ठेवावेत.

दोन बिघाड या चार्जरला ओळखता येत नाहीत. एखादा सेल शॉर्ट असेल तर व्होल्टेज १४.४ ला पोचत नाही, करंट उतरत नाही आणि बॅटरी तापत राहते. त्यासाठी १५ तासांनी सगळं बंद करणारा टायमर हवा. दुसरा बिघाड म्हणजे सल्फेट जमलेली बॅटरी. तिचं व्होल्टेज काही मिनिटांतच १४.४ होतं, करंट पडतो आणि रिले सुटतो. अशी बॅटरी ओळखायला चार्जिंगनंतर तिच्यावर १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा लावावा. तो साधारण ०.४ अँपिअर घेतो. चांगली बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला १६ तासांच्या आसपास घेते. बॅटरी त्याच्या निम्माही वेळ टिकली नाही, तर दोष चार्जरमध्ये शोधू नये, बॅटरी बदलावी.