फोटोतून खडूचे चित्र: हवामहल आणि कॅफेचा फळा

जयपूरमधल्या कॅफेच्या छापील मेनू-फळ्यासाठी चित्र निवडायचे झाले की पहिली आठवण हवामहलाची होते. सवाई प्रतापसिंहाच्या काळात, १७९९ साली उभी राहिलेली आणि लालचंद उस्ताद यांनी रचलेली ही पाच मजली दर्शनी भिंत फोटोत सहज सापडते. तिचे खडूच्या चित्रात रूपांतर करताना मात्र काही ठरावीक चुका होतात, आणि त्या प्रत्येक चुकीमागे एक गैरसमज असतो.

सर्वांत पक्का गैरसमज असा की फोटो कृष्णधवल करून उलटा केला, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे केले, की खडूचे चित्र तयार होते. तयार होते ती निगेटिव्ह. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने काढलेले रेषाचित्र उलटे केले तर ते चालते, कारण त्यात फक्त रेषा असतात. फोटोत उजेड आणि सावली असते. उलटे केल्यावर सज्ज्याखालची सावली पांढरी चमकते, उन्हातला घुमट काळा पडतो आणि इमारत आतून दिवे लावल्यासारखी दिसू लागते. फळ्यावर काढणारा चित्रकार सावली काढतच नाही. ती फळ्याच्या काळेपणावर सोडून देतो. खडू लागतो तो कडांना आणि उजेड पडलेल्या भागांना. म्हणून फोटोतला उजेड खडूकडे गेला पाहिजे आणि अंधार फळ्याकडे.

हवामहलाच्या बाबतीत तर उलटे करण्याची गरजच नाही, कारण मूळ भिंतीवरच गुलाबी-तांबूस रंगावर पांढऱ्या रेषा आणि वेलबुट्टी आहे. ती वेगळी काढायला रंगांच्या तीन वाहिन्यांपैकी निळी वाहिनी उपयोगी पडते. उन्हातल्या भिंतीचा रंग उदाहरणादाखल लाल २००, हिरवा १२०, निळा ९५ असा धरला आणि पांढऱ्या रेषेचा २३५, २२५, २१० असा, तर लाल वाहिनीत दोन्हींमधला फरक जेमतेम ३५ आहे, निळीत तो ११५ आहे. साध्या कृष्णधवल रूपांतरातही भिंत आणि रेषा यांच्यातला फरक निळ्या वाहिनीपेक्षा कमी राहतो. निळ्या वाहिनीत भिंत गडद होते आणि रेषा उजळ राहतात. गिम्प या मोफत प्रणालीत `Colors > Components > Extract Component` इथे `RGB Blue` निवडले की ही प्रतिमा मिळते. दोन अडचणी मात्र येतात. निळे आकाश याच वाहिनीत पांढरे होते, त्यामुळे ते आधी वेगळे निवडून काळे करावे लागते. शिवाय मोबाइलच्या फोटोत निळ्या वाहिनीत दाणे जास्त असतात. ते पुढे `Median Blur` ने पुसले जातात. भिंत पूर्वाभिमुख असल्याने फोटो सकाळचा हवा. दुपारनंतर ती स्वतःच्याच सावलीत जाते आणि रंगांमधला फरक घटतो.

दुसरा गैरसमज तपशिलाचा. जितक्या जास्त रेषा सापडतील तितके चित्र चांगले, असे समजून कडा शोधणारे फिल्टर पूर्ण जोरात चालवले जातात. निकाल बारीक तारेच्या कामासारखा येतो आणि कुणालाही तो खडूचा वाटत नाही. कारण साधे आहे: खडूची कांडी सुमारे १० मिलिमीटर जाडीची असते, आणि तिची कड धरून काढली तरी रेष दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा बारीक होत नाही. झिजलेल्या टोकाची रेष पाच-सहा मिलिमीटर भरते.

हे माप पिक्सेलमध्ये आणले की काम सोपे होते. फळा दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच आहे, छपाई इंचाला १०० पिक्सेल या प्रमाणात आहे, असे धरू. मग फाइल २४०० बाय ३६०० पिक्सेलची होते आणि एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार पिक्सेल. म्हणजे आठ पिक्सेलपेक्षा बारीक असलेली कोणतीही रेष खडूची असू शकत नाही. हवामहलाला ९५३ लहान खिडक्या असल्याचे सांगितले जाते. फळ्याच्या वरच्या अर्ध्याअधिक भागात इमारत बसवली तर एका खिडकीच्या वाट्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर येतो. दोन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटरची चौकट काढल्यावर आत जाळीला जागाच उरत नाही. तेव्हा वरचे दोन-तीन मजलेच घ्यावेत, शिखराची बाह्यरेषा पूर्ण ठेवावी आणि खालचे झरोके तुटक फटकाऱ्यांत सुचवावेत. हाताने काढणाराही हेच करतो.

त्यासाठी आधी `Filters > Blur > Median Blur` वापरून बारीक जाळी आणि दाणे पुसावेत. मग `Colors > Threshold` ने उजळ भाग वेगळा करून तो निवडावा, `Select > Grow` ने निवड दोन-तीन पिक्सेलने फुगवावी आणि नव्या थरावर खडूचा रंग भरावा. शिखराची किंवा कमानींची रेष कुठे तुटली असेल, तर ती त्याच थरावर हाताने ओढावी. फिल्टरने दिलेले सगळेच ठेवायचे नसते. निम्म्याहून अधिक खोडावे लागते.

तिसरा गैरसमज पोताचा आहे, आणि बहुतेक चांगली चित्रे इथेच बिघडतात. पाटीचा फोटो सर्वांत वर पारदर्शक थर म्हणून ठेवला की पाटीचा भास होतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात तो चित्रावर टाकलेला पडदा वाटतो. खऱ्या फळ्यावर खडूची भुकटी पृष्ठभागाच्या उंचवट्यांना चिकटते आणि खळगे रिकामे राहतात. म्हणजे पोत रेषेच्या वर नसतो. रेष कुठे तुटेल हे तो ठरवतो. एकच पोत दोन ठिकाणी वापरावा: एकदा मंद स्वरूपात तळाच्या थरावर, आणि दुसऱ्यांदा तीव्र काळ्या-पांढऱ्या फरकासह खडूच्या थराचा `Layer Mask` म्हणून, अगदी त्याच जागी. त्याचे दाणे दोन ते चार पिक्सेलचे, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटरचे असावेत. पोतासाठी खऱ्या पाटीवर तिरका उजेड पाडून फोटो काढला तर तो तयार चित्रांपेक्षा सरस ठरतो.

रंगाबद्दलही असाच एक छोटा गैरसमज आहे. फळा निव्वळ काळा नसतो आणि खडू निव्वळ पांढरा नसतो. तळाला `#2B2E30` आणि खडूला `#ECEAE3` असे रंग ठीक बसतात. छपाईत गडद राखाडी छटा भरून जाऊन पोत नाहीसा होऊ शकतो. म्हणून पूर्ण फळा छापण्याआधी हातभर तुकडा छापून पाहावा आणि गरज पडल्यास तळ थोडा उजळ करावा.

राहिला पुसटपणा. सगळ्या चित्रावर धूसरपणा आणला की खडू पुसल्यासारखा दिसतो, हा समज चुकीचा आहे. भुकटी हाताने किंवा डस्टरने ढकलली जाते, त्यामुळे पुसट डागाला दिशा असते आणि बहुधा किंचित कमानीचा आकार असतो, कारण पुसणारा हात खांद्यापासून फिरतो. खडूच्या थराची प्रत काढून ती `Linear Motion Blur` ने एका दिशेला ओढावी, अपारदर्शकता आठ ते पंधरा टक्के ठेवावी आणि ती मूळ रेषांच्या खाली सरकवावी. जुना फळा वाटावा म्हणून आदल्या दिवशीच्या मजकुराच्या अस्पष्ट खुणाही याच थरात घालता येतात. वर नवी रेष स्वच्छ राहिली की पुसलेल्या आणि लिहिलेल्या भागांचा क्रम डोळ्याला पटतो. पदार्थांच्या आणि किमतींच्या ओळींखाली मात्र हा थर पूर्ण काढून टाकावा. तिथे राखाडी झाक राहिली तर दोन-तीन मीटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाला प्याज कचोरीची किंमत ४० आहे की ९०, हे वाचता येत नाही.