पेढा द्रोणात, चिवडा डब्यात

औंढा नागनाथला आलेल्या भाविकाला पावशेर पेढे पळसाच्या द्रोणात खुशाल द्यावेत, फक्त ते त्याच दिवशी संपायला हवेत. द्रोण काडीने टाचलेलाच घ्या. स्टेपलची पिन पेढ्यात जाऊ शकते. द्रोण खडखडीत वाळलेला हवा. कुबट वास आला किंवा पांढरे ठिपके दिसले, तर बाद.

चिवडा-शेवेला मात्र द्रोण कामाचा नाही. उघड्या द्रोणात हवेतला ओलावा लागून पोहे सादळतात. तिथे गिऱ्हाइकाचा घरचा घट्ट झाकणाचा डबाच बरा. तो आधी रिकामा तोलावा, म्हणजे वजनावरून वाद नको.

आणि रद्दीच्या कागदात भजीसुद्धा बांधू नयेत. गरम तेलाने शाई उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचीही त्याला मनाई आहे.